जिवाणूंची पिढी थांबवताना

१९२२ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे, घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या विष्ठेतून ई. कोलाय जातीचा एक जिवाणू वेगळा काढण्यात आला. त्यात विशेष असं काहीच नव्हतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जिवाणूशास्त्र विभागात त्याला ‘के-१२’ असं नाव मिळालं आणि पुढची अनेक वर्षं तो विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी वापरला गेला. १९४० च्या दशकात एडवर्ड टेटम यांना प्रयोगांसाठी एक साधा, सहज वाढणारा जिवाणू हवा होता. त्यांनी विभागाच्या संग्रहातला हा के-१२ घेतला. १९४६ मध्ये त्यांनी आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी याच वाणावर काम करून दाखवलं, की जिवाणूंमध्येही जनुकांची सरमिसळ होते. आज जगभरच्या रेणवीय जीवशास्त्राचा मोठा भाग या शिकवणीच्या वाणाच्या वंशजांवर उभा आहे.

पण हे वंशज आता १९२२ च्या मूळ जिवाणूसारखे राहिलेले नाहीत. आतड्यातल्या ई. कोलायच्या पृष्ठभागावर शर्करेच्या लांब साखळ्या असतात. प्रयोगशाळेतल्या के-१२ ने त्या गमावल्या. माणसाच्या आतड्यात तो आता नीट तग धरू शकत नाही. हा बदल कुणी ठरवून केला नव्हता. प्रयोगशाळेतल्या आयत्या अन्नावर वाढताना त्या साखळ्यांची गरज उरली नाही, त्यामुळे त्या गमावलेल्या पेशींचं काही बिघडलंही नाही.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयात हेच लहान प्रमाणावर चालू असतं. फ्रिजच्या एका कप्प्यात स्क्रू-झाकणाच्या नळ्या उभ्या असतात आणि त्यांत तिरप्या गोठवलेल्या अगारवर, म्हणजे स्लँटवर, जिवाणूंचा थर असतो. ग्रॅम रंजनासाठी ई. कोलाय आणि बॅसिलस सबटिलिस, पिवळ्या वसाहतींसाठी मायक्रोकॉकस, अगारवर लाटांसारखा पसरत जाणारा प्रोटियस आणि लाल रंगासाठी सेरॅशिया मार्सेसेन्स. महिन्या-दोन महिन्यांनी लॅब असिस्टंट तारेच्या लूपने जुन्या स्लँटवरून थोडी वाढ उचलतात आणि नव्या स्लँटवर ओढतात. घरी कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावतात, तसाच हा प्रकार आहे. आणि वर्षानुवर्षं तेच विरजण चालवणाऱ्या घरात दही हळूहळू बदलत जातं, तसंच इथेही होतं.

किती बदलतं, याचा अंदाज साध्या हिशोबाने येतो. समजा, लूपवर दहा लाख पेशी आल्या आणि नव्या स्लँटवर त्यांच्या १०० कोटी झाल्या. म्हणजे संख्या हजारपट वाढली. पेशी दुपटीने वाढतात, त्यामुळे हजारपट होण्यासाठी साधारण १० पिढ्या लागतात. दर महिन्याला एक स्थलांतर धरलं, तर वर्षाला १२० पिढ्या होतात आणि दहा वर्षांत १,२००. माणसाच्या हिशोबात एवढ्या पिढ्या म्हणजे पंचवीस-तीस हजार वर्षं. शिवाय दोन स्थलांतरांच्या मधला काळ हा उपासमारीचा असतो. अन्न संपल्यावर बहुतेक पेशी मंदावतात, पण मेलेल्या शेजाऱ्यांवर जगू शकणारे काही बदललेले जिवाणू त्या काळात पुढे सरकतात. पुढच्या वेळी लूप जी वाढ उचलतो, तिच्यात त्यांचा वाटा वाढलेला असतो.

सेरॅशियाच्या बाबतीत हे डोळ्यांना दिसतं. या जिवाणूचा लाल रंग प्रोडिजिओसिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. ते बनवायला पेशीला बरीच ऊर्जा खर्च करावी लागते आणि स्लँटवर त्याचा तिला काही उपयोग नसतो. रंग बनवण्याची क्षमता गमावलेली पेशी त्यामुळे मागे पडत नाही. काही वर्षांनी विद्यार्थी प्लेट उघडतात, तर लाल वसाहतींमध्ये पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी असते आणि आणखी काही वर्षांनी फक्त पांढऱ्याच उरतात. इथे एक गफलत मात्र टाळायला हवी. सेरॅशिया ३७ अंशांवर रंग बनवतच नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडच्या प्रयोगशाळेत टेबलावर ठेवलेली प्लेट पांढरी निघाली, तर दोष उन्हाळ्याचाही असू शकतो. अशा वसाहतींवरून नवी प्लेट ओढून ती २८ अंशांवर दोन दिवस ठेवावी. लाल रंग परतला, तर वाण शाबूत आहे. तरीही पांढरीच राहिली, तर बदल कायमचा आहे.

म्हणून संग्रह सांभाळणाऱ्याचं खरं काम जिवाणूंना नुसतं जिवंत ठेवण्याचं नसतं. त्यांची वाढ थांबवून ठेवायची आणि तरी ते मरू द्यायचे नाहीत, असं दुहेरी काम त्याला करावं लागतं. त्यासाठी प्रयोगशाळांमध्ये दोन रीती सर्वाधिक रुजल्या आहेत: ग्लिसरॉलमध्ये गोठवणं आणि गोठवून सुकवणं.

ग्लिसरॉलचा हा गुण कळला तो एका लेबलाच्या घोटाळ्यातून. लंडनच्या मिल हिल इथल्या संशोधन संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स कोंबड्याचं वीर्य गोठवून टिकवण्याची खटपट करत होते. त्यांना फळशर्करेच्या द्रावणाने काही जमेना. पुढे शीतकपाटातल्या बाटल्या काढून त्यांनी पुन्हा प्रयोग केला आणि या वेळी शुक्राणू वितळल्यावर चक्क हालचाल करू लागले. ताज्या शर्करेने मात्र तसं होत नव्हतं. बाटलीत उरलेल्या थोड्याशा द्रवाची तपासणी केल्यावर त्यात शर्करा नव्हतीच असं निघालं. त्यात ग्लिसरॉल आणि अल्ब्युमिन होतं. लेबलांची अदलाबदल झाली होती. १९४९ मध्ये त्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये छापून आला आणि पेशी गोठवून ठेवण्याच्या विद्येला दिशा मिळाली.

गोठण्याने पेशी मरते ती केवळ थंडीने नव्हे. द्रव गोठू लागला की पहिल्यांदा पेशीबाहेर बर्फ होतो आणि तो बर्फ शुद्ध पाण्याचा असतो. मागे उरलेल्या थोड्या द्रवात क्षार साचत जातात. त्या खारट द्रवाकडे पेशीतलं पाणी ओढलं जातं, पेशी आक्रसते आणि तिचं आवरण व प्रथिनं बिघडतात. फारच झपाट्याने गोठवलं, तर पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात. ग्लिसरॉलचा रेणू लहान असल्यामुळे तो पेशीत शिरतो, पाण्याला धरून राहतो आणि दोन्ही संकटं सौम्य करतो. बर्फ कमी होतो, क्षार पातळ राहतात आणि खूप खालच्या तापमानाला उरलेला द्रव काचेसारखा घट्ट होऊन बसतो.

कृती सोपी आहे, पण तिच्यात बारकावे आहेत. ग्लिसरॉल इतकं घट्ट असतं, की पिपेटने अचूक मोजता येत नाही, ते आतल्या भिंतीला चिकटून राहतं. त्यामुळे ते तोलून घेणं बरं. त्याची घनता १.२६ असते, म्हणून ६३ ग्रॅम ग्लिसरॉल घेऊन त्यात शुद्ध पाणी घालत एकूण १०० मिलिलिटर केलं, की ५० टक्क्यांचं द्रावण तयार होतं. ते ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटं निर्जंतुक करायचं.

आता सेरॅशिया. आधी प्लेटवर रेषा ओढून वाण शुद्ध असल्याची खात्री करायची. मग एकच सुंदर लाल वसाहत उचलण्याचा मोह होतो, पण ती एक वसाहत एकाच पेशीपासून झालेली असते. तिच्यात नेमका एखादा न दिसणारा दोष असला, तर सगळा संग्रह त्या दोषावर उभा राहतो. म्हणून एकसारख्या दिसणाऱ्या अनेक वसाहतींवरून थोडी थोडी वाढ घेऊन ती द्रव माध्यमात सोडायची आणि २८ अंशांवर रात्रभर वाढू द्यायची. वाढ नुकतीच पूर्ण होत आलेली असताना पेशी अधिक काटक असतात, जोमाने विभागत असताना त्या नाजूक असतात. या गढूळ द्रवाचा अर्धा मिलिलिटर आणि ५० टक्के ग्लिसरॉलचा अर्धा मिलिलिटर एका क्रायोव्हायलमध्ये घातला, की ग्लिसरॉलचं प्रमाण २५ टक्के होतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे नीट न ढवळणं. ग्लिसरॉल जड असतं, ते तळाशी बसतं आणि वरच्या थरातले जिवाणू जवळजवळ संरक्षणाशिवाय गोठतात. व्हायल उजेडात धरून तिरपी केली आणि द्रवात तेलकट लहरी हलताना दिसल्या, तर अजून मिसळायला हवं. मग व्हायल उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. तिच्यावरचं नाव स्पिरिटने पुसलं जाणार नाही अशा शाईने लिहायचं किंवा फ्रीझरसाठी बनवलेलं लेबल लावायचं. नाव पुसलेल्या व्हायलमधले जिवाणू जिवंत असूनही कामाचे राहत नाहीत.

वापरायच्या वेळी व्हायल वितळवायची नाही. फ्रीझरजवळच झाकण उघडून निर्जंतुक लूपने वरचा बर्फ जरासा खरवडायचा, प्लेटवर ओढायचा आणि व्हायल लगेच परत ठेवायची. प्रत्येक वितळण्यात आणि परत गोठण्यात पेशींचा एक भाग जातो. उणे ८० ला नीट ठेवलेल्या ग्लिसरॉल स्टॉकमधून बहुतेक साधे जिवाणू दहा वर्षांनीही निर्धास्त वाढतात.

उणे ८० चा फ्रीझर महाग असतो आणि अनेक महाविद्यालयांकडे तो नसतो. मग स्टॉक उणे २० च्या फ्रीझरमध्ये जातात. तिथे २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये सगळं पाणी गोठत नाही. पेशी दाट, थंड द्रवात पडून राहतात, त्यांच्यातल्या रासायनिक क्रिया मंदावतात पण थांबत नाहीत. असे स्टॉक वर्ष-दोन वर्षं टिकतात, त्यापुढे भरवसा कमी. त्यातही आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर सर्वांत वाईट, कारण भिंतीवरचा बर्फ घालवण्यासाठी तो ठरावीक वेळाने आतून गरम होतो आणि व्हायल पुन्हा पुन्हा अर्धवट वितळते. आणि वीज गेली तर? मे महिन्याच्या सुट्टीत इमारत बंद असताना दोन दिवस वीज नसली, तर कुणाला पत्ता न लागता पूर्ण संग्रह एकदा वितळून परत गोठलेला असतो. हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आडवी ठेवून गोठवायची आणि मग ती फ्रीझरमध्ये उभी करून ठेवायची. बर्फ नळीच्या कडेला आडवा आहे तोवर ठीक. तो तळाशी सपाट बसलेला दिसला, तर मधे सगळं वितळलं होतं.

विजेवरचं हे अवलंबन दुसऱ्या रीतीत संपतं. गोठवून सुकवण्याला प्रयोगशाळेत लायोफिलायझेशन म्हणतात. पाण्याचा दाब पाऱ्याच्या ४.६ मिलिमीटरच्या खाली गेला, की बर्फ वितळून पाणी न होता थेट वाफ होतो. आपल्याभोवती हवेचा दाब ७६० मिलिमीटर असतो, म्हणजे त्यासाठी जोरदार निर्वात पंप लागतो. आधी जिवाणूंचा घोळ गोठवायचा, मग निर्वातात त्यातला बर्फ उडवून द्यायचा. उरतो तो कोरडा, सच्छिद्र, हलका गोळा, आणि त्यात पाणी साधारण एक ते तीन टक्के. एवढ्या पाण्यात पेशीची कोणतीच क्रिया पुढे सरकत नाही.

सुकवताना ग्लिसरॉल चालत नाही, कारण ते उडून जात नाही, चिकट लगदाच राहतो. त्याऐवजी साय काढलेल्या दुधाचं १० टक्के द्रावण किंवा साखर वापरतात. पाणी निघून गेल्यावर पेशीच्या आवरणाचे रेणू एकमेकांवर कोसळून चिकटतात. सुक्रोज किंवा ट्रेहालोजसारख्या शर्करा त्या रेणूंच्या मधे पाण्याची जागा घेतात आणि आवरणाला आधार देतात. दूध गोळ्याला अंग देतं. ते निर्जंतुक करताना मात्र आच कमी ठेवावी लागते. नेहमीच्या १२१ अंशांवर दूध करपून तांबूस होतं आणि त्यातून तयार झालेली द्रव्यं पेशींना मारक ठरू शकतात.

काचेच्या लहान अ‍ॅम्प्यूलमध्ये ०.२ मिलिलिटर घोळ घालतात, सोबत वाणाचा क्रमांक छापलेली कागदाची पट्टी, आणि तोंडाशी निर्जंतुक कापसाचा बोळा. सुकवणं पूर्ण झाल्यावर निर्वात चालू असतानाच काचेची मान ज्योतीवर वितळवून बंद करतात. हवा आत राहिली, तर ऑक्सिजन पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्यांना हळूहळू खराब करतो. सील नीट बसलं का, हे उच्च वारंवारितेच्या ठिणगीयंत्राने पाहतात. अंधाऱ्या कोपऱ्यात यंत्राचं टोक काचेजवळ नेलं, की चांगल्या अ‍ॅम्प्यूलच्या आत फिकट जांभळी-निळी चमक भरते. चमक दिसली नाही, तर हवा शिरली आहे आणि ती अ‍ॅम्प्यूल बाजूला काढायची. गोळ्याचं रूपही बोलकं असतं. नीट सुकलेला गोळा फुलका आणि पांढुरका दिसतो. सुकताना तापमान वाढून बर्फ मधेच वितळला असेल, तर तो आकसलेला, गोंदासारखा होतो. अशा अ‍ॅम्प्यूलमध्ये जगलेल्या पेशी थोड्याच असतात.

सुकवण्यात जिवाणूंचं मोठं नुकसान होतं आणि ते गृहीतच धरावं लागतं. समजा, सेरॅशियाच्या एका अ‍ॅम्प्यूलमध्ये २०० कोटी पेशी घातल्या आणि दहातली एकच जगली. तरीही २० कोटी उरल्या. पुढे शीतकपाटात ठेवून दर दहा वर्षांनी संख्या दहापटीने घटली, तर वीस वर्षांनी २० लाख पेशी असतील. एक प्लेट भरायला त्या कितीतरी पुरेशा आहेत. काळजी वाटावी ती वेगळ्या स्थितीत. हजारात एकच पेशी जगत असेल, तर उरलेल्या पेशी मूळ समुदायाच्या प्रतिनिधी असतीलच असं नाही, त्या सुकणं सोसू शकणाऱ्या असतात. म्हणजे टाळायला निघालेली निवड मागच्या दाराने परत येते. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक अ‍ॅम्प्यूल उघडून मोजणी करणं हे कामाचा भाग समजायला हवं.

नीट सुकवलेला वाण किती टिकतो, याचं एक दाखलं ब्रिटनच्या एनसीटीसी या संग्रहात आहे. हा संग्रह १९२० साली लंडनमध्ये सुरू झाला. त्याचा पहिला क्रमांक आहे शिगेला फ्लेक्सनेरी या आमांशाच्या जिवाणूचा. तो पहिल्या महायुद्धात, १९१५ साली फ्रान्समधल्या रुग्णालयात आमांशाने मरण पावलेल्या अर्नेस्ट केबल या ब्रिटिश सैनिकाकडून मिळाला होता. जवळजवळ शंभर वर्षांनी संशोधकांनी तो पुन्हा वाढवला, त्याचा जनुकसंच वाचला आणि २०१४ साली ‘लान्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. पेनिसिलिनचा शोध लागण्याच्या तेरा वर्षं आधीचा हा जिवाणू पेनिसिलिनला दाद देत नव्हता. स्लँटवरून स्लँटवर शंभर वर्षं फिरवलेल्या वाणाबद्दल असं विधान कुणी विश्वासाने करू शकलं नसतं.

सगळेच जिवाणू सुकणं सोसत नाहीत. मायक्रोकॉकससारख्या जाड भिंतीच्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जातींना ते सोपं जातं, ग्रॅम-निगेटिव्ह जातींना अवघड. काही नाजूक जाती तर गोठवूनच ठेवाव्या लागतात. उलट बॅसिलस सबटिलिसला एवढा खटाटोप नकोच. त्याची बीजाणूंनी भरलेली वाढ निर्जंतुक गाळणकागदाच्या तुकड्यांवर सुकवून कोरड्या, बंद नळीत ठेवली, की वर्षानुवर्षं पुरते. स्वतःची अ‍ॅम्प्यूल बनवायचं यंत्र बहुतेक महाविद्यालयांकडे नसतं, पण सुकवलेला वाण विकत आणता येतो. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, पुण्यातच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, आणि चंडीगडला एमटीसीसी. अशा संग्रहांतून आलेली अ‍ॅम्प्यूल ही महाविद्यालयाच्या संग्रहाची सुरुवात असावी.

ती उघडताना अ‍ॅम्प्यूलवर कानशीने चरा पाडतात, त्यावर स्पिरिटने ओला केलेला कापूस गुंडाळतात आणि जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये मान मोडतात, कारण आत निर्वात असतो, हवा झपकन शिरते आणि कोरडी भुकटी उडू शकते. शिकवणीचा वाण असला तरी सेरॅशियासारखा जिवाणू दुबळ्या रुग्णांना त्रास देऊ शकतो. गोळ्यावर अर्धा मिलिलिटर पोषक द्रव घालून काही मिनिटं थांबायचं. कोरडी आवरणं पाणी शोषून पूर्ववत होईपर्यंत पेशी गळक्या असतात. मग प्लेटवर रेषा ओढायच्या.

या पहिल्या वाढीतून एकाच दिवशी वीस ग्लिसरॉल व्हायल बनवल्या, तर त्यांतल्या पाच ‘मास्टर’ म्हणून वेगळ्या फ्रीझरमध्ये, शक्य तर दुसऱ्या इमारतीत, ठेवायच्या. उरलेल्या पंधरा रोजच्या वापरासाठी. जूनमध्ये सत्र सुरू होताना एक वापरातली व्हायल खरवडून वर्षभराचे स्लँट त्यावरूनच काढायचे आणि ते संपले की स्लँटवरून स्लँट न काढता परत व्हायलकडे जायचं. पंधरा व्हायल संपल्या, की एक मास्टर उघडून नव्या पंधरा. या व्यवस्थेत वीस वर्षांनंतरचा विद्यार्थीही मूळ अ‍ॅम्प्यूलपासून तीन-चार स्थलांतरांच्या अंतरावर असतो. वर केलेल्या हिशोबाशी ताडून पाहिलं, तर सुमारे अडीच हजार पिढ्यांऐवजी चाळीसच.

नोंदवहीत दर व्हायलपुढे वाणाचा क्रमांक, गोठवल्याची तारीख, मूळ अ‍ॅम्प्यूलपासूनचं कितवं स्थलांतर, आणि गोठवण्याआधीची व आठवड्याने घेतलेली मोजणी लिहायची. मोजणीसाठी दहापट पातळ करत नेलेल्या द्रवाचे २० मायक्रोलिटरचे थेंब अगारवर सोडून वसाहती मोजतात. एका प्लेटवर कितीतरी थेंब बसतात, त्यामुळे खर्च नगण्य. आधी १०० कोटी आणि नंतर ७० कोटी आले, तर गोठवणं चांगलं जमलं. दरवर्षी त्याच व्हायलमधून घेतलेला नमुना २८ अंशांवर लाल येतो का, ग्रॅम रंजनात गुलाबी छोट्या दांड्याच दिसतात का, हेही पाहायचं. एखाद्या वर्षी मोजणी पहिल्या आकड्याच्या दहाव्या भागाखाली गेली किंवा प्लेटवर पांढऱ्या वसाहती दिसू लागल्या, तर ती व्हायल ऑटोक्लेव्ह करून टाकायची आणि मास्टरमधून पुढचा संच बनवायचा.